सर्वांनी समान काम केले

गट सरांनी हजेरीपटावरून पाडले. ओळीने पाच नंबर, एक गट. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मला जे चार जण मिळाले, ते मी निवडले नव्हते. लीडर कोण, असं सरांनी विचारल्यावर चौघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. तो मला मान वाटला. आज वाटतं, ओझं बघून चार जणांनी एकदम अंग काढून घेतलं होतं, एवढंच.

कॉलेज कल्याणमधलं, विषय समाजशास्त्र. मी डोंबिवलीची. माझे वडील ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि कारखाना बंद पडेपर्यंत युनियनचं काम करत होते. आमच्या घरी पेपर उशिरा यायला लागला, पत्रकं आधीपासून होती. संध्याकाळी आम्ही ती गठ्ठ्याने घडी घालायचो आणि घालता घालता मी वाचायचे. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे काही वाक्यं माझ्यात अशी बसली की ती मला माझीच वाटतात. त्यातलं एक: आपल्यातल्या माणसाची तक्रार मालकाकडे न्यायची नाही. या एका वाक्यावर मी जे केलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आमचा विषय होता घरी बसून काम करणाऱ्या बायका. विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये बायका शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापतात. गठ्ठा घरी येतो, धागे कापले की घेऊन जातात. पन्नास बायकांशी बोलून पन्नास फॉर्म भरायचे होते. मी कामाचा कागद केला. प्रत्येकी दहा फॉर्म, शिवाय प्रत्येकाला एकेक काम: एकाने संगणकावर माहिती भरायची, एकाने आधीचं लेखन वाचून टिपणं काढायची, एकाने स्लाइड, एकीने फोटो आणि नकाशा, आणि अहवाल मी लिहायचा. खाली मी ओळ टाकली: एकाचं अपयश ते सगळ्यांचं. पाच झेरॉक्स काढल्या आणि कॅन्टीनमध्ये उभी राहून कागद वाचून दाखवला.

"कडक," ठाकुर्लीचा म्हणाला. हा आमच्यातला बोलका. कुठल्याही विषयावर न वाचता दहा मिनिटं बोलू शकायचा आणि शिक्षकांना तो आवडायचा. स्लाइडचं काम त्याने मागून घेतलं होतं. "मोर्चा कधी काढायचाय, मॅडम?"

त्याच्या शेजारी त्याचा मित्र हसला. हा मित्र त्याच्याशिवाय कधी दिसला नाही आणि त्याचं स्वतःचं मत मी तीन वर्षांत ऐकलं नाही. चौथी होती ती बँकेच्या परीक्षेच्या क्लासला ठाण्याला जायची. तिने कागद क्लासच्या पुस्तकात घातला आणि म्हणाली, "माझे दहा मी रविवारी एका दमात करून टाकते गं."

पाचवी खडवलीची. तिने कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "फॉर्ममधला सातवा प्रश्न चुकलाय."

सातवा प्रश्न होता: दिवसाला किती तास काम करता?

"यात काय चुकलंय?"

"माझी आई वांग्याची रोपं लावायला जाते. तिला विचार किती तास. ती सांगूच शकणार नाही. ती म्हणेल, ऊन वर येईपर्यंत."

तेव्हा मी प्रश्न बदलला नाही. सरांनी मंजूर केलेला फॉर्म आहे, म्हटलं.

तिला हे काम का हवं होतं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. ठाण्यातली एक संस्था दरवर्षी आमच्या विभागातून एका विद्यार्थ्याला सर्वेक्षणाच्या कामावर घेते. नाव सर देतात आणि ते या प्रोजेक्टवरूनच देतात. खडवलीच्या मुलीला ती जागा हवी होती. तिने ते लपवलं नाही, कुणाला गळही घातली नाही. "मला लोकांच्या घरी जाऊन बोलायला आवडतं," एवढंच ती म्हणाली, "आणि त्याचा पगार देतात, हे मला खरंच वाटत नाही."

आम्ही दोघी विठ्ठलवाडीला गेलो. पहिल्याच घरात तिचं खरं ठरलं. उंबऱ्यात एक बाई मांडीवर पॅन्ट घेऊन बसलेली, हातात छोटा कटर, पायाशी निळ्या धाग्यांचा ढीग. मी विचारलं, "ताई, दिवसाला किती तास काम करता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तास? पोरं शाळेत गेली की बसते. पाणी आलं की उठते. मग भाकऱ्या. मग परत बसते. रात्री सासूबाई पण हात लावतात. आता याचे तास तूच काढ बाय, शिकलेली आहेस तर."

शेजारची बाई हसली. मी फॉर्मवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. खडवलीची शांतपणे खाली बसली आणि म्हणाली, "बरं, आज उठल्यापासून काय काय केलं ते सांगा." ती बाई पंधरा मिनिटं बोलली. खडवलीचीने फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहून घेतलं आणि बाहेर येऊन हिशेब लावला. धाग्यांचं काम पाच वेगवेगळ्या तुकड्यांत होतं आणि सगळे तुकडे मिळून अकरा तास भरत होते.

त्या दिवसापासून आम्ही सातवा प्रश्न तिच्या पद्धतीने विचारला. आमच्या अहवालात जे काही चांगलं होतं, ते या एका प्रश्नातून आलं. तो प्रश्न तिचा होता.

आमचे दोघींचे दहा-दहा फॉर्म झाले. बाकीच्या तिघांचे शून्य. ग्रुपवर मी रोज विचारायचे. उत्तरादाखल अंगठा यायचा. अंगठा म्हणजे नेमकं काय, हे मी अजून शोधते आहे. क्लासवालीचे रविवार एकामागून एक गेले. एकदा टेस्ट होती, एकदा पाहुणे होते, एकदा तिने नुसतं "अगं सॉरी" लिहिलं, कारणही दिलं नाही. त्या उघडेपणाने मला कारणापेक्षा जास्त राग आला. आधीचं लेखन वाचायचं काम मित्राकडे होतं. त्याने चार लिंक पाठवल्या. त्यातली एक जीन्स धुवावी कशी, याबद्दल होती.

मी काय केलं? मी समजूत घातली. मी मीटिंग घेतल्या. पाच जणांच्या मीटिंगला आम्ही दोघी असायचो आणि मी इतिवृत्त लिहायचे. खडवलीची एकदा म्हणाली, "सरांना सांग ना. मुदत आहे तोवर गट बदलून तरी देतील."

"सरांकडे जायचं नाही," मी म्हटलं. "आपला प्रश्न आपल्यात सोडवायचा."

"सर म्हणजे कोण वाटतात तुला?"

माझ्या डोक्यात सर मालक होते आणि आम्ही पाच जण कामगार. हे किती हास्यास्पद होतं, ते तिला त्या क्षणी दिसत होतं.

जमा करायला दोन आठवडे राहिले असताना ठाकुर्लीचा एक फाइल घेऊन आला आणि माझ्यासमोर टेबलावर टाकली. "घे. तीस. तिघांचे. उगाच ग्रुपवर रडतेस."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला चहा पाजला. हे लिहिताना अजून किळस येते. मी त्या फॉर्मांची पानं फक्त मोजली. वाचली खडवलीचीने. चहा संपायच्या आत तिने फाइल माझ्याकडे सरकवली आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

आठ तास. पुढचा फॉर्म, आठ तास. पुढचा, आठ तास. साप्ताहिक सुट्टी: रविवार. जेवणाची सुट्टी: एक तास. तीन वेगळ्या शाया वापरल्या होत्या, अक्षर कुठे तिरकं, कुठे गोल केलं होतं. तेवढी मेहनत घेतली होती. तीस बायकांना कामावर ठेवून, त्यांना नऊ ते सहाचं ऑफिस देऊन, रविवारी सुट्टी देऊन टाकली होती. या माणसाने आयुष्यात कधी घरातल्या बाईला काम करताना बघितलं नव्हतं, आणि बघितलं असेल तर त्याला ते काम वाटलं नव्हतं.

"कुठे भरलेस हे?" मी विचारलं.

"विठ्ठलवाडीला."

"कुठल्या बाजूला?"

"स्टेशनच्या... बाजूला." मग तो हसला. "चल ना यार. कोण वाचणार आहे? सर वजन बघतात. जाड दिसलं की झालं."

मित्र म्हणाला, "मॅच बघत बघत केले, तरी दोन दिवस गेले."

मी ते तीस फॉर्म फाडले नाहीत. फाडावेत असं फार वाटलं, पण नुसती फाइल परत दिली आणि सांगितलं की हे जाणार नाहीत. त्यावर ठाकुर्लीचा दुखावला. खरंच दुखावला. म्हणाला, "एवढं केलं तरी तुला पटतच नाही. मग तूच कर." मी या वाक्यावर खूप विचार केला आहे. काम न करणाऱ्या माणसाचा स्वाभिमान काम करणाऱ्याहून नाजूक असतो.

तर मग आम्हीच केलं. उरलेले तीस फॉर्म दोन आठवड्यांत. मला अहवाल लिहायचा होता, म्हणून बहुतेक वेळा तीच गेली. कॉलेज सुटलं की विठ्ठलवाडी, तिथून परत कल्याण, मग कसाऱ्याची गाडी. त्या बाजूला गाड्या कमी. एक चुकली की फलाटावर तासभर. रोज एक-दोन, कधी तीन फॉर्म. प्रत्येक फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात एका बाईचा पूर्ण दिवस.

ठाकुर्लीच्याने स्लाइड केल्या, हे कबूल केलं पाहिजे. अकरा. पहिल्या स्लाइडवर शिवणयंत्रावर बसलेली एक गोरी परदेशी बाई हसत होती. त्याखाली आमचा विषय.

अहवाल बांधून झाला त्या दुपारी सरांनी मला एक छापील कागद दिला. गटातल्या प्रत्येकाने काय काम केलं, ते लीडरने लिहायचं, खाली पाचही जणांच्या सह्या. "आज पाचपर्यंत माझ्या टेबलावर हवं," सर म्हणाले. "मार्क यावरून देतो. आणि खरं लिही, पुढचंही यावरून ठरतं."

पुढचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

खडवलीची जिन्यात भेटली. तिची गाडी होती. मी कोरा कागद पुढे केला. "तू सही कर, मी भरते." तिने जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि गेली. तिने वर बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर कोऱ्या कागदावर सही करण्याइतका विश्वास कुणी ठेवल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

मग तिघं आले. त्या तिघांना एकत्र, वेळेवर आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

क्लासवालीचे डोळे भरले होते. "माझा हा विषय गेला तर वर्ष जाईल गं. घरी काय सांगू?"

ठाकुर्लीच्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझाच, पहिल्या दिवशीचा. शेवटच्या ओळीवर त्याने नख ठेवलं. "तूच लिहिलंयस ना? एकाचं अपयश ते सगळ्यांचं. आणि आता सरांकडे चुगली करणार? तुझे पप्पा युनियनमध्ये होते ना?"

मी पेन उघडलं आणि लिहिलं: सर्वांनी समान काम केले.

लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे सर्वांत घाण. मी कुणाला विकलं नाही, असं वाटलं. तिघांनी सह्या केल्या. मित्र म्हणाला, "थँक्स, बहना," आणि तिघं वडापाव खायला गेले. मला बोलावलं नाही.

तोंडी परीक्षेला सरांनी पहिलाच प्रश्न विचारला: अहवालात लिहिलंय की कामाचे तास विचारले नाहीत, त्याऐवजी आजचा दिवस सांगा असं का विचारलंत? हे कुणाला सुचलं? मी तोंड उघडायच्या आत ठाकुर्लीचा बोलायला लागला. घरकाम आणि मजुरी यांची सीमा पुसट असते, बायकांना वेळ घड्याळात मोजता येत नाही, म्हणून "आम्ही" पद्धत बदलली. सगळं माझ्या अहवालातलं, स्लाइड करताना वाचलेलं, शब्द न् शब्द. वर एका बाईचं बोलणं नक्कल करून सांगितलं, पाणी आलं की उठते. सर खूश झाले. खडवलीची हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला बोलायची सवय नव्हती. ऐकायची होती, म्हणून तर ते फॉर्म भरले गेले होते.

दोन दिवसांनी संस्थेसाठी नाव लागलं. ठाकुर्लीचा.

आठवड्याने खडवलीची मला लायब्ररीबाहेर भेटली. सरांना विचारून आली होती. सरांनी तिला तो कागद दाखवला होता.

"समान काम," ती म्हणाली.

"मला वाटलं, मार्क तर सगळ्यांना..."

"त्यांनी काम केलं नाही, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. त्याचं मला काही नाही. माझं काम तू पुसलंस. आणि माझ्याच सहीवर."

तिचा आवाज चढला नव्हता. मी काहीतरी एकजुटीबद्दल बोलायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला विचारलं असतंस तर?" मग ती गेली.

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान ते माझी बाजू घेतील. ते पलंगावर बसून नखं कापत होते. कापायचे थांबले.

"हे कुठल्या पत्रकात वाचलंस?"

"तुम्हीच म्हणायचात. मालकाकडे तक्रार न्यायची नाही."

"मालकाकडे नाही न्यायची. गेटवर न्यायची. संपात आत जाऊन काम करणारा एक होता आमच्यात. गेट मीटिंगला त्याला समोर उभा केला आणि त्याच्या तोंडावर सांगितलं सगळ्यांसमोर. गप्प बसलो नाही आम्ही." मग म्हणाले, "आणि मास्तर कधीपासून मालक झाला? तो तुमचं काम विकून खातो का? अक्कल गहाण ठेवलीस की काय." पुन्हा नखं कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं: मी सरांना सांगणार आहे की कागद खोटा आहे. अकरा वाजता, केबिनमध्ये. तुमच्यासमोर सांगणार आहे, या. यावेळी अंगठा आला नाही. पण चौघंही आले.

मी पन्नास फॉर्म टेबलावर ठेवले. प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात भरणाऱ्याचा रोल नंबर होता. दोनच नंबर होते. सर उलटत गेले, मागच्या बाजू वाचत गेले. त्या त्यांनी पहिल्यांदाच बघितल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वजन बघतात, असं ठाकुर्लीचा म्हणाला होता, तेवढं त्याचं खरं होतं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" सरांनी मला विचारलं. तिघांना नाही, मला. "मी सांगितलं होतं, खरं लिही म्हणून. खोटं तू लिहिलंस." तिघांचे मार्क कमी झाले, पास होण्यापुरते उरले. माझे त्यांच्याहून थोडेच जास्त उरले. ते मला योग्यच वाटलं, वाटतं.

मग सरांनी संस्थेत फोन लावला, नाव बदलायला. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. सर "अच्छा" म्हणाले, पुन्हा "अच्छा" म्हणाले, फोन ठेवला आणि ठाकुर्लीच्याकडे बघितलं.

"तू परवाच नाही म्हणून कळवलंस?"

तो पायाकडे बघत होता. "उन्हात फिरायचं काम होतं, सर. मला वाटलं ऑफिसमध्ये असेल."

जागा दुसऱ्या कॉलेजच्या मुलाला गेली होती. ठाकुर्लीच्याला ती नको होती. त्याने ती नुसती हातात घेऊन बघितली आणि टाकून दिली, आणि टाकताना जिची होती तिला हाकसुद्धा मारली नाही. क्लासवाली हळूच म्हणाली, "जाऊ दे ना आता."

सरांनी नवा कागद काढला. "नीट भर. हा फाइलला लागेल. पुढच्या वर्षी ते परत नाव मागतील तेव्हा माझ्याकडे असू दे."

मी केबिनमध्ये उभ्याउभ्याच भरला. तिघांच्या नावापुढे जे होतं ते: अकरा स्लाइड, चार लिंक, आणि तिसरीपुढे रेघ. माझ्यापुढे अहवाल आणि एकोणीस फॉर्म. तिच्यापुढे सातवा प्रश्न आणि एकतीस फॉर्म.

कागद तिच्याकडे दिला. यावेळी तिने गाडीची घाई केली नाही. खुर्ची ओढून बसली, प्रत्येक ओळ वाचली, मग पन्नास फॉर्मांचा गठ्ठा जवळ घेतला आणि एकेक कोपरा बघत मोजायला लागली. आम्ही सगळे उभे. सरांनीही तिला थांबवलं नाही.

"एकतीस नाहीत," ती म्हणाली. "एकोणतीस. यातल्या दोघी बायकांकडे मी गेले तेव्हा त्या घरी नव्हत्या. मी नुसता माझा नंबर टाकून ठेवला होता. बोललीस तू."

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, एकतीसवर रेघ मारून एकोणतीस केलं, एकोणीसचे एकवीस केले, दोन्ही ठिकाणी बारीक सही केली आणि मग खाली आपली मोठी सही केली.

पेन तिने टेबलावर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही.